इनबॉक्सच्या स्क्रीनशॉटवरून उत्तरांचा क्रम लावताना तातडीचा मेल खाली का जातो, आणि तो वर कसा आणावा

नाशिकमधील एका कर सल्लागाराच्या कार्यालयात मी रोजचे कामकाज पाहते. आमचे सर सुनावण्यांसाठी वारंवार बाहेरगावी असतात आणि अशा दिवशी सकाळी आपल्या जीमेलच्या इनबॉक्सचा स्क्रीनशॉट मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. कोणत्या मेलला आधी उत्तर द्यायचे याचा क्रम लावून, प्रत्येक मेलपुढे जसेच्या तसे पाठवता येईल असे एका ओळीचे उत्तर लिहून, ती यादी मी पंधरा-वीस मिनिटांत परत पाठवायची, अशी आमची पद्धत आहे. मला त्यांच्या मेलचा पासवर्ड नको आहे आणि त्यांनाही तो देणे योग्य वाटत नाही, म्हणून जे काही करायचे ते त्या एका चित्रावरूनच करावे लागते.

या कामात एक अडचण पुन्हा पुन्हा येत होती. यादी नीटनेटकी दिसायची, उत्तरेही सभ्य असायची, पण ज्या मेलचे उत्तर त्याच दिवशी जायला हवे होते तो चौथ्या-पाचव्या क्रमांकावर पडलेला असायचा आणि सर तिथपर्यंत पोहोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असायची. अनेक महिने मी याचा दोष घाईला देत होते. प्रत्यक्षात कारणे वेगळी होती आणि ती स्क्रीनशॉटच्या स्वरूपातच दडलेली होती.

आधी चित्र तपासावे

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेला स्क्रीनशॉट दाबून लहान केला जातो. जीमेलच्या यादीतली अक्षरे मुळातच बारीक असतात, त्यामुळे मोठे करून पाहताना ३ आणि ८, ११ आणि १७ यांची गल्लत होते, आणि आमच्या कामात ११ तारीख की १७ तारीख यावर पुष्कळ काही अवलंबून असते. तोच स्क्रीनशॉट डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ आकारात येतो. सरांना एवढी एकच सवय लावून घेण्याची विनंती केली आणि वाचनाच्या निम्म्या चुका तिथेच थांबल्या.

दुसरी गोष्ट घड्याळाची. जीमेल आजच्या मेलपुढे फक्त वेळ दाखवते आणि आधीच्या मेलपुढे तारीख. म्हणजे `9:31 AM` या आकड्याला स्क्रीनशॉट कोणत्या दिवशी घेतला हे कळल्याशिवाय काहीच अर्थ नसतो. एकदा आदल्या संध्याकाळी घेतलेला स्क्रीनशॉट सकाळी माझ्याकडे आला, मी तो ताजा समजून यादी केली, आणि रात्रीच उत्तर दिलेल्या दोन क्लायंटना सरांच्या नावाने दुसरे, थोडे वेगळे उत्तर गेले. त्यातल्या एकाने नेमके कोणते उत्तर धरायचे असे विचारले, तेव्हा फोन करून दिलगिरी व्यक्त करावी लागली. तेव्हापासून पडद्यावरचे घड्याळ कापायचे नाही असे ठरले आहे, आणि माझ्या यादीची पहिली ओळ नेहमी स्क्रीनशॉटचा दिवस व वेळ हीच असते.

तिसरे म्हणजे, चित्रात संपूर्ण इनबॉक्स नसतो. वर कोपऱ्यात `1–50 of 2,318` असे लिहिलेले असते, आणि आपण पाहत असतो त्यातल्या आठ-दहा ओळी. शिवाय `Primary` या टॅबचा स्क्रीनशॉट असेल तर `Updates` मध्ये गेलेले मेल त्यात दिसतच नाहीत. संगणकाने आपोआप पाठवलेले मेल, ज्यात सरकारी पोर्टलचे आणि बँकांचे मेलही आले, बरेचदा तिकडेच जातात. म्हणून सकाळी दोन्ही टॅबचे स्क्रीनशॉट मागावेत. एकच आला असेल, तर यादीच्या शेवटी `Updates` पाहिलेले नाही असे स्पष्ट लिहावे.

क्रम चुकण्याचे मूळ कारण

स्क्रीनशॉट मेलचा आशय दाखवत नाही. तो पाठवणाऱ्याचे नाव, विषय, मजकुराचे पहिले काही शब्द आणि वेळ एवढेच दाखवतो, आणि त्या चारही गोष्टी आपल्याला चुकीच्या दिशेने ओढतात. सर्वांत वर असलेला मेल फक्त सर्वांत नवा असतो. ठळक अक्षरांतला मेल फक्त न उघडलेला असतो. विषयात `URGENT` लिहिलेले असेल तर ती पाठवणाऱ्याची घाई असते, ती मुदत असेलच असे नाही. मी नकळत या तीन खुणांवर क्रम लावत होते, आणि सरांनी रिक्षात बसल्याबसल्या उघडून ‘नंतर पाहू’ म्हणून सोडलेला मेल साध्या, फिकट अक्षरांत खाली पडून राहत होता.

आता मी क्रम लावण्यापूर्वी सगळ्या ओळी पडद्यावरच्याच क्रमाने कागदावर उतरवून त्यांना क्रमांक देते, म्हणजे शेवटी मोजून पाहता येते की एकही ओळ सुटलेली नाही. मग प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारते. पहिला प्रश्न असा की आत्ता कोण कोणाची वाट पाहत आहे, आणि दुसरा असा की हे उत्तर कोणत्या दिवसानंतर निरुपयोगी होईल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नावांच्या ओळीत काही अंशी सापडते. क्लायंटच्या नावानंतर `me` आणि पुढे २ हा आकडा असेल, तर त्यांनी लिहिले आणि आपण उत्तर दिले, म्हणजे आता पाळी त्यांची आहे. उलट आधी `me` आणि मग क्लायंटचे नाव असेल तर पाळी आपली आहे. मात्र निरोपांची संख्या वाढली की मधली नावे गाळली जातात आणि ही खूण भरवशाची राहत नाही. अशा वेळी विषयापुढचे फिकट शब्द वाचावेत. ते आपल्याच सरांचे वाक्य असेल, तर बहुधा शेवटचा निरोप आपलाच आहे. नावांमध्ये लाल अक्षरांत `Draft` दिसले तर मात्र हमखास थांबावे. उत्तर लिहिले गेले आहे, पाठवले गेलेले नाही, आणि लिहिणाऱ्याची ठाम समजूत असते की ते गेले. माझ्या अनुभवात क्लायंटची नाराजी सर्वांत जास्त या एका शब्दामुळे ओढवते.

एका सकाळची यादी

गुरुवार, १० जुलै २०२५, सकाळी ९ वाजून ४० मिनिटांचा स्क्रीनशॉट होता. त्यात आठ ओळी होत्या, त्या वरून खाली अशा.

पहिली ओळ एका सॉफ्टवेअर विक्रेत्याची होती, ठळक अक्षरांत, ‘सवलतीचा शेवटचा दिवस’ अशा विषयाची. दुसरी एका फर्निचर कारखानदाराची, जूनच्या विक्रीच्या बिलांविषयी. कागदपत्र जोडल्याची खूण होती आणि एक बिल राहिले आहे, एवढे शब्द दिसत होते. तिसरी ओळ कर्जप्रकरण केलेल्या क्लायंटची: विषयात `URGENT` पुढे तीन उद्गारचिन्हे, आणि बँकेला नेटवर्थचे प्रमाणपत्र हवे असल्याचा मजकूर, जो `by Mon` या अक्षरांवर तुटला होता. चौथी ओळ सरांकडे आर्टिकलशिप केलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीची, कारण त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती. पाचवी ओळ झेरॉक्स मशीनच्या वार्षिक देखभालीच्या दरपत्रकाची. सहावी एका वाहतूक व्यावसायिकाची, आदल्या दिवशी आलेली, उघडून वाचलेली. विषय `Fwd:` ने सुरू होत होता आणि पुढे `REG-17` असे होते. सातव्या ओळीत एका क्लायंटच्या नावाशेजारी `Draft` होते आणि विषय शनिवारच्या भेटीचा होता. आठवी ओळ एका बँकेच्या नावाने आलेली, केवायसी न केल्यास खाते बंद होईल असे सांगणारी.

माझ्या पहिल्या कच्च्या क्रमात प्रमाणपत्राचा मेल सर्वांत वर होता आणि वाहतूक व्यावसायिकाचा मेल पाचवा. चूक लक्षात आली ती उत्तराची ओळ लिहिताना. ‘नोटीस मिळाली, पाहून कळवतो’ असे लिहून झाले आणि पेन थांबले, कारण कधीपर्यंत कळवायचे हे मला लिहिता येईना. म्हणून ती ओळ पुन्हा मोठी करून पाहिली. पुढे पाठवलेल्या मेलमध्ये फिकट शब्दांच्या जागी मूळ मेलचा मथळा येतो, आणि त्यात हे दिसत होते:

```
---------- Forwarded message --------- From: … Date: Tue, Jul 1, 2025
```

क्लायंटने मेल ९ जुलैला पुढे पाठवला होता, पण मूळ नोटीस १ जुलैची होती. `REG-17` ही जीएसटी नोंदणी रद्द का करू नये, अशी विचारणा करणारी नोटीस असते आणि तिचे उत्तर `REG-18` या नमुन्यात, नोटीस बजावल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असते. बोटांवर मोजले: २, ३ आणि ४ जुलै हे तीन दिवस; ५ तारखेचा शनिवार आणि ६ तारखेचा, आषाढी एकादशीचा रविवार वगळला; मग ७, ८, ९ आणि १०. सातवा दिवस म्हणजे आजचाच. त्या ओळीवर `URGENT` नव्हते, ठळक अक्षरे नव्हती, आणि तिच्यापुढची तारीख आदल्या दिवशीची होती. तिला पहिल्या क्रमांकावर नेणारी एकमेव गोष्ट होती ती त्या फिकट मथळ्यातली तारीख.

तेव्हापासून ‘पुढे पाठवलेल्या मेलची तारीख कधीही खरी धरायची नाही’ हा नियम मी पाळते. मूळ तारीख चित्रात दिसत नसेल तर ती विचारून घेते, आणि कळेपर्यंत तो मेल वरच ठेवते.

दुसऱ्या क्रमांकावर फर्निचर कारखानदार गेला, कारण दरमहा भरायच्या `GSTR-1` या विक्रीच्या रिटर्नची मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी होती. तिसऱ्या क्रमांकासाठी मात्र विचार करावा लागला. भेट शनिवारी १२ तारखेला होती आणि प्रमाणपत्र सोमवारी १४ तारखेला हवे होते, म्हणजे नुसत्या तारखा पाहिल्या तर भेटीचे उत्तर आधी यायला हवे. पण प्रमाणपत्र देण्यापूर्वी कागदपत्रे मागवून तपासावी लागतात, त्याला आमच्याकडे किमान एक पूर्ण दिवस लागतो, आणि शनिवार-रविवारी ते काम होणार नव्हते. मुदतीतून कामाचे दिवस वजा केले की कागदपत्रे आजच मागवायला हवीत असे दिसते. म्हणून प्रमाणपत्र तिसरे आणि भेट चौथी. कोणी म्हणेल की लिहून ठेवलेले उत्तर पाठवायला अर्धे मिनिट पुरे, तेच आधी उरकावे. मी तसे करत नाही, कारण सर दोन सुनावण्यांच्या मधल्या वेळात यादी वरून वाचू लागतात आणि अनेकदा पहिल्या दोन ओळींनंतरच पुकारा होतो.

शेवटी पाठवलेली यादी अशी होती. कंसातला आकडा पडद्यावरच्या ओळीचा आहे, म्हणजे सरांना मेल शोधावा लागत नाही.

१० जुलै, सकाळी ९.४० चा स्क्रीनशॉट. `Updates` पाहिलेले नाही.

१ (ओळ ६), आजच, शक्यतो दुपारी १२ पूर्वी: ‘नोटीस मूळ १ जुलैची असल्याने उत्तराची मुदत आज संपते असे दिसते, कृपया तिची पीडीएफ पाठवून लगेच कार्यालयात फोन करावा आणि ओटीपीसाठी दिवसभर फोन जवळ ठेवावा.’

२ (ओळ २), आज: ‘आपला मेल मिळाला, जोडलेली बिले तपासत आहोत, राहिलेले बिल आज ३ वाजेपर्यंत पाठवावे, म्हणजे उद्याच्या मुदतीत रिटर्नमध्ये घेता येईल.’

३ (ओळ ३), आज: ‘प्रमाणपत्रासाठी बँकेचे पत्र आणि मालमत्ता व कर्जांची कागदपत्रे आजच पाठवावीत, ती पाहून प्रमाणपत्र केव्हा देता येईल ते उद्या दुपारपर्यंत कळवतो.’

४ (ओळ ७), आज: उत्तर `Draft` मध्ये आहे, पाठवलेले नाही. भेटीची वेळ एकदा पाहून पाठवावे. वेळ बदलली असल्यास: ‘उत्तरास उशीर झाला, क्षमस्व, शनिवारी सकाळी ११ ची वेळ आपल्याला चालेल का?’

५ (ओळ ४), आज संध्याकाळपर्यंत: ‘आठवणीने लिहिलेत, फार आनंद झाला, तुमचे काम कसे चालले आहे ते सवडीने कळवा.’

६ (ओळ ५): सरांनी उत्तर देण्याची गरज नाही. माझ्या मेलवरून पाठवते: ‘दरपत्रक मिळाले, पुढील आठवड्यात निर्णय कळवतो.’

७ (ओळ १): जाहिरात, उत्तर नको.

८ (ओळ ८): उत्तर नको आणि दुव्यावर बोट लावू नये. स्क्रीनशॉटमध्ये फक्त नाव दिसते, पत्ता दिसत नाही. खात्याची स्थिती बँकेच्या ॲपमध्ये स्वतंत्रपणे पाहावी.

गुरुपौर्णिमेचा मेल पाचव्या क्रमांकावर पाहून सरांनी आश्चर्य व्यक्त केले. त्याला कायद्याची मुदत नाही हे खरे, पण ते उत्तर दुसऱ्या दिवशी गेले तर त्याचा गोडवा उरत नाही, म्हणून दरपत्रकाच्या आधी त्याला जागा मिळायलाच हवी होती.

एका ओळीच्या उत्तरात होणारी चूक

दुसऱ्या उत्तरातले ‘तपासत आहोत’ हे शब्द जाणीवपूर्वक लिहिलेले आहेत. पूर्वी अशा ठिकाणी मी ‘बिले मिळाली, धन्यवाद’ असे लिहीत असे, कारण जोडलेल्या कागदपत्राची खूण दिसत होती. एकदा त्या खुणेमागची फाइल मागच्याच महिन्याची निघाली. क्लायंटने जुनी फाइल चुकून पुन्हा जोडली होती. आमचे ‘मिळाली’ वाचून तो निश्चिंत झाला आणि आम्हाला चूक कळली ती ११ तारखेच्या दुपारी. क्लायंटचा यात काही दोष नव्हता. जे पाहिलेले नव्हते, ते पाहिल्यासारखे मीच लिहिले होते.

म्हणून आता उत्तरात फक्त मेल पोहोचल्याची कबुली असते, आतल्या मजकुराची नसते. त्यानंतर समोरच्याने काय करायचे हे सांगणारे एक क्रियापद आणि एक वेळ येते. प्रमाणपत्राच्या उत्तरात ‘सोमवारपर्यंत देतो’ असे लिहिण्याचा मोह होतो, कारण क्लायंटला तेच ऐकायचे असते. पण `by Mon` पुढचे शब्द तुटलेले आहेत, आणि ज्या प्रमाणपत्रावर सरांची सही आणि यूडीआयएन हा प्रमाणपत्राचा ओळख क्रमांक पडणार त्याचे वचन कागदपत्रे न पाहता मी त्यांच्या वतीने देणे चुकीचे आहे. मी केव्हा ‘कळवणार’ याचे वचन देते, केव्हा ‘देणार’ याचे नाही.

ओळ लिहिताना तारीख किंवा क्रियापद सुचत नसेल तर तो मेल आपल्याला कळलेला नाही असे समजावे आणि यादीत उत्तराऐवजी ‘हा मेल उघडून पहिला परिच्छेद पाठवा’ असे लिहावे. आठात एखादा तरी मेल असा निघतोच, आणि अंदाजाने लिहिलेल्या उत्तरापेक्षा ही विनंती सरांना केव्हाही चालते.

त्या दिवशी वाहतूक व्यावसायिकाचा फोन साडेदहाला आला. गेल्या अनेक महिन्यांची रिटर्न भरलेली नसल्याने नोटीस निघाली होती. दिवसभरात थकलेली रिटर्न कर आणि विलंब शुल्कासह भरून संध्याकाळी सातच्या सुमारास `REG-18` दाखल झाले.

अजून एक दुरुस्ती राहिली होती. उत्तर दिलेले मेल इनबॉक्समध्ये तसेच राहत असल्याने दुसऱ्या दिवशीच्या स्क्रीनशॉटमध्ये ते पुन्हा यायचे आणि मी त्यांना पुन्हा क्रम लावत बसायचे. जीमेलच्या सेटिंगमध्ये `Send & Archive` हे बटण सुरू करण्याची सोय आहे. ते सरांच्या लॅपटॉपवर सुरू केले, त्यामुळे त्यांनी त्या बटणाने पाठवलेल्या उत्तराचा मेल इनबॉक्समधून हलतो आणि समोरच्याने पुन्हा लिहिले तरच परत येतो. आता रोज संध्याकाळी सहाला सर दुसरा स्क्रीनशॉट पाठवतात, मी तो सकाळच्या यादीशेजारी ठेवते, जी ओळ दोन्हीकडे दिसते तिच्यावर लाल पेनाने खूण करते, आणि त्यानंतर ती दोन्ही चित्रे फोनच्या गॅलरीतून काढून टाकते, कारण त्यांत लोकांच्या कर्जाचे आणि नोटिसांचे विषय उघडे दिसत असतात.